डोळे शाबूत, तरी वस्तू ओळखू येत नाही: व्हिज्युअल अ‍ॅग्नोसियाचे दोन प्रकार खाटेजवळ कसे ओळखायचे?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत काम करणारे डॉक्टर, सिस्टर, फिजिओथेरपिस्ट आणि रुग्णांच्या घरचे लोक विचारतात. इथे एमआरआय हाताशी नसतो, न्यूरॉलॉजिस्ट नागपूरला असतो. पण या आजाराची मुख्य तपासणी घरातल्या सात-आठ वस्तू, एक टॉवेल आणि अर्धा तास एवढ्यावर होते. ती नीट केली तर पुढच्या डॉक्टरचं निम्मं काम होतं.

"बाबाजीले दिसते सारं, पण वळखू नाही येत." हे कसं शक्य आहे?

डोळ्यांनी पाहणं आणि पाहिलेली वस्तू ओळखणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. डोळ्यांकडून येणारी माहिती आधी मेंदूच्या मागच्या भागात पोचते. तिथे रेषा, कडा, रंग, हालचाल यांतून वस्तूचा आकार जुळवला जातो. मग हा आकार कानशिलाच्या आतल्या, खालच्या बाजूने पुढे जातो आणि तिथे त्याची गाठ आयुष्यभराच्या ओळखीशी पडते: हे कुलूप, याला किल्ली लागते, हे कोठीच्या दाराला असतं. या वाटेवर कुठे इजा झाली तर नजर असूनही ओळख हरवते. याला व्हिज्युअल अ‍ॅग्नोसिया म्हणतात. तीच वस्तू हातात दिली किंवा तिचा आवाज ऐकवला की माणूस ती चटकन ओळखतो. निदान या फरकावरच उभं आहे.

अपर्सेप्टिव्ह आणि असोसिएटिव्ह, हे दोन प्रकार कुठून आले?

हाइनरिख लिसाउअर या जर्मन डॉक्टरने १८९० साली ही विभागणी मांडली. अपर्सेप्टिव्ह प्रकारात आकारच जुळत नाही. रुग्णाला उजेड, रंग, हालचाल कळते, पण चौकोन आणि गोल यांतला फरक कळत नाही. असोसिएटिव्ह प्रकारात आकार बऱ्यापैकी जुळतो, पण त्याला अर्थ चिकटत नाही.

दोन्ही प्रकारांचे नमुने नोंदलेले आहेत. बेन्सन आणि ग्रीनबर्ग यांनी १९६९ मध्ये कार्बन मोनॉक्साईडच्या विषबाधेतून वाचलेल्या एका तरुण सैनिकाचं वर्णन केलं. तो रंग सांगायचा, व्हरांड्यातून न धडकता चालायचा, पण साधी आकृती त्याला उतरवता येत नव्हती आणि दोन आकृत्या सारख्या आहेत का हेही सांगता येत नव्हतं. रुबेन्स आणि बेन्सन यांचा १९७१ चा रुग्ण स्वतः डॉक्टर होता. तो चित्रं पाहून सुरेख उतरवायचा, मात्र आपण काय काढलं ते त्याला कळायचं नाही. स्टेथोस्कोप दाखवल्यावर त्याने टोकाला गोल काहीतरी असलेली लांब दोरी असं वर्णन केलं आणि हे घड्याळ असेल का, असं विचारलं. वर्णन अगदी बरोबर होतं. रोज वापरायची वस्तू मात्र ओळखू आली नाही.

तपासणीला बसण्याआधी काय पाहायचं?

आधी साध्या गोष्टी बाजूला काढायच्या. आपल्याकडे मोतीबिंदू इतका दिसतो की घरचे रुग्णाला पहिल्यांदा नेत्र शिबिरातच नेतात. ते बरोबरच आहे. पण मोतीबिंदू काढूनही तक्रार तशीच राहिली, तर पुढे पाहायला हवं.

नजर मोजताना एक अडचण येते. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, किंवा न शिकलेल्यांसाठीचा फिरत्या 'ई'चा तक्ता, दोन्हींत आकार ओळखावा लागतो. अपर्सेप्टिव्ह रुग्ण दोन्हींत नापास होतो आणि कागदावर अंधत्वाची नोंद होते. म्हणून पांढऱ्या ताटलीत मोहरीचे चार-पाच दाणे टाकावेत आणि एकेक उचलायला सांगावं. बोट दाण्यावर नेमकं पडत असेल तर नजर ओळखीच्या कामापुरती पुरेशी आहे. दाणा दिसतो म्हणतो पण हात भलतीकडे जातो, किंवा एका वेळी एकच दाणा दिसतो, तर बालिंट सिंड्रोमचा विचार करायचा. ती वेगळी वाट आहे.

मग समोर बसून दोन्ही बाजूंना बोटं हलवून नजरेचा पसारा तपासायचा. एका बाजूचं दिसत नसेल तर पुढच्या सगळ्या वस्तू दिसणाऱ्या बाजूला ठेवायच्या. शेवटी दोन-तीन मिनिटं गप्पा मारायच्या: पऱ्हाटी किती एकर, तूर कधी निघाली. बोलणं सलग असेल, प्रश्न समजत असेल, तर भाषा आणि भान ठीक आहे. रुग्ण गोंधळलेला किंवा झोपाळलेला असेल तर त्या दिवशी ही तपासणी करू नये. तिच्यातून काही निष्पन्न होत नाही.

वस्तू कोणत्या घ्यायच्या? छापील चित्रं चालतील का?

छापील रेषाचित्रांनी सुरुवात करू नये, हे मी आग्रहाने सांगते. ज्यांनी शाळा पाहिली नाही त्यांना निरोगी असतानाही रेषाचित्रं ओळखायला खऱ्या वस्तूंपेक्षा जड जातात, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. विदर्भातल्या सत्तरीच्या कितीतरी आज्यांनी हातात पेन धरलेलाच नाही. त्यांना शहरी चित्रसंच दाखवून अ‍ॅग्नोसियाचा शिक्का मारणं हा अन्याय आहे.

घरच्यांकडून रोजच्या वस्तू मागवाव्यात: कुलूप, किल्ली, कंगवा, चष्मा, विळा, गडवा, माचिस, बैलाच्या गळ्यातली घंटी. विळ्याच्या धारेला कापड गुंडाळून घ्यावं. रंगावरून किंवा वासावरून कळणाऱ्या वस्तू टाळाव्यात. अपर्सेप्टिव्ह रुग्ण संत्रं रंगावरून ओळखतो आणि तपासणारा फसतो. शंका आली तर संत्र्यानंतर त्याच रंगाचा चेंडू दाखवावा. त्यालाही तो संत्रंच म्हणाला, तर उत्तर आकारातून आलेलं नाही.

वस्तू कापडावर, आवाज न करता ठेवायची आणि हलवायची नाही. किल्ल्यांचा जुडगा खणखणला की उत्तर कानाने मिळतं. हलणाऱ्या वस्तूचा आकारही काही रुग्णांना जास्त कळतो.

नक्कल करायला कशी सांगायची? पेन न धरलेल्यांचं काय?

शिकलेल्या माणसाला गोल, चौकोन आणि कुलपाचं साधं चित्र समोर ठेवून तसंच काढायला सांगावं. न शिकलेल्यांसाठी माचिसच्या काड्या वापराव्यात. आपण तीन काड्यांचा त्रिकोण, चार काड्यांचा चौकोन, मग एक घर मांडायचं आणि शेजारी तसंच मांडायला सांगायचं. रांगोळी घालणाऱ्या बायकांना ठिपक्यांची छोटी रांगोळी जमते, पण ती ओळखीची नको. ओळखीची असेल तर हात सवयीने चालतो आणि नजरेची परीक्षा होतच नाही.

अपर्सेप्टिव्ह रुग्णाच्या काड्या नुसत्या पसरतात. चौकोनाचा चौकोन होत नाही. हात थरथरतो म्हणून असं झालं का, हे पाहण्यासाठी नमुना झाकून "मनानं एक चौकोन मांड, माय" असं म्हणावं. मनातला चौकोन जमला आणि समोरचा जमला नाही, तर दोष हातात नाही. काही रुग्ण नमुन्याच्या कडेवरून बोट किंवा डोकं फिरवत जातात आणि मग आकार सांगतात. ही युक्ती त्यांची त्यांनाच सापडलेली असते. म्हणून बोट न फिरवता एकदा आणि फिरवून एकदा, अशी नोंद करावी.

असोसिएटिव्ह रुग्णाची नक्कल ओळखता येण्याजोगी होते. मग तो स्वतःच्याच चित्राकडे पाहून विचारतो, "हे काय हाय जी?"

जुळवणीत नेमकं काय जुळवायचं?

इथे दोन वेगळ्या जुळवण्या आहेत. त्या एकत्र झाल्या की सगळा निकाल बिघडतो.

पहिली आकाराची. एक कंगवा समोर ठेवायचा. खाली तसाच दुसरा कंगवा, एक चमचा आणि एक पेन. "याच्यासारखं कोणतं?" इथे अर्थ लागत नाही, आकार कळला की पुरे. अपर्सेप्टिव्ह रुग्ण इथेच अडतो. बारकाईने पाहायचं असेल तर एकाच जाड कागदातून एक चौकोन आणि तेवढ्याच क्षेत्रफळाचा आयत कापावा, उदाहरणार्थ ६ गुणिले ६ सेंटीमीटर आणि ४ गुणिले ९ सेंटीमीटर. दोन्हींचं क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटीमीटर, रंग एकच, त्यामुळे आकाराशिवाय दुसरा सुगावा राहत नाही. ही कल्पना एफ्रॉन यांनी १९६८ मध्ये मांडली. दोन-दोन कागद दाखवून "सारखे का वेगळे?" असं विचारायचं. नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात, म्हणून निदान वीस जोड्या दाखवाव्यात.

दुसरी जुळवणी अर्थाची. कुलूप समोर, खाली किल्ली, कंगवा आणि माचिस. "याच्यासंगं कोणतं जाते?" इथे असोसिएटिव्ह रुग्ण अडतो. पितळेचा गडवा समोर ठेवून खाली प्लास्टिकचा मग्गा आणि पितळेचीच घंटी ठेवावी. कामाने जुळणारा मग्गा सोडून तो चकाकणारी घंटी उचलतो, कारण त्याची जुळवणी दिसण्यावर चालते.

एक सावधगिरी घ्यायची. तीच वस्तू भलत्या कोनातून दाखवून जुळवायला सांगितली तर उजव्या मेंदूच्या मागच्या भागाला इजा झालेले रुग्णही चुकतात, जरी रोजच्या वस्तू त्यांना घरी ओळखू येत असल्या तरी. म्हणून पहिल्या फेरीत वस्तू नेहमीच्या कोनातूनच ठेवावी.

नाव विचारल्यावर चूक झाली. त्यातून काय कळतं?

नुसतं चूक झाली यातून फारसं कळत नाही. नाव न सांगता येण्याला नजर, ओळख, भाषा, स्मरण असं कोणतंही कारण असू शकतं. कोणती चूक झाली ते शब्दशः लिहावं. विळ्याला "वाकडी काडी" म्हटलं तर चूक दिसण्यातली आहे. विळ्याला "कुऱ्हाड" म्हटलं तर वस्तूचं कूळ कळलं, नेमकी ओळख पटली नाही किंवा नाव चुकलं. मघाशी दाखवलेल्या वस्तूचंच नाव पुन्हा आलं तर तो मागचा शब्द चिकटून राहिला आहे.

नजरेने नाव चुकलं की लगेच तीन गोष्टी करायच्या. वस्तूला हात न लावता ती कशी वापरतात ते हाताने करून दाखवायला सांगायचं. मग तीच वस्तू टॉवेलखाली हातात द्यायची. शेवटी वस्तू न दाखवता "कुलूप कशाले लागते?" असं तोंडी विचारायचं. नजरेने चुकलं आणि स्पर्शाने, आवाजाने, तोंडी जमलं, तर ते अ‍ॅग्नोसियाकडे जातं. कुठल्याच वाटेने जमलं नाही तर वस्तूंचं ज्ञानच हरवलेलं असू शकतं, जसं काही डिमेन्शियांत होतं, किंवा भाषेचा दोष असू शकतो.

एखादं पूर्ण उदाहरण द्याल का?

हे उदाहरण शिकवण्यासाठी रचलं आहे, पण त्यातला प्रत्येक दोष खऱ्या रुग्णांत असाच एकत्र दिसतो.

यवतमाळ जिल्ह्यातले ६६ वर्षांचे शेतकरी, शिक्षण चौथी. पाच दिवसांपूर्वी सकाळी उठले तेव्हापासून उजवीकडच्या दाराला धडकतात आणि समोरची वस्तू ओळखत नाहीत. सून म्हणते, "बाबाजी कुलुपाकडे पाहात बसतात, आन मग किल्ली मलेच मागतात." हातापायांत ताकद आहे, बोलणं स्वच्छ. मोहरीचे पाचही दाणे उचलले, उजवीकडचे मान वळवून शोधले. उजव्या बाजूची अर्धी नजर दोन्ही डोळ्यांत गेलेली.

कुलुपाचं चित्र त्यांनी हळू, पण ओळखता येईल असं उतरवलं. काड्यांचं घर बरोबर मांडलं. आकाराच्या जुळवणीत आठपैकी आठ. अर्थाच्या जुळवणीत आठपैकी तीन, म्हणजे तीन पर्यायांत नुसत्या अंदाजाने जेवढे यावेत तेवढेच. नजरेने नाव आठपैकी एक, आणि ती एक माचिस. विळ्याला "पातळ, वाकडं, एका टोकाले लाकूड" म्हणाले. वापर करून दाखवा म्हटल्यावर हात मांडीवरच राहिला. टॉवेलखाली विळ्याची मूठ हातात येताच, "विळा हाय नं!" स्पर्शाने आठपैकी सात. घंटीचा आवाज ऐकून बैलाचं नावही सांगितलं.

मग स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. लिहिलं. पाच मिनिटांनी तोच कागद समोर धरला तर वाचता आलं नाही.

नक्कल आणि आकाराची जुळवणी शाबूत, अर्थाची जुळवणी आणि नाव दोन्ही गेलेले, स्पर्शाची वाट उघडी: हा असोसिएटिव्ह प्रकार आहे. उजवी अर्धी नजर जाणं आणि लिहिता येऊन वाचता न येणं यांवरून इजा डाव्या पोस्टेरिअर सेरेब्रल धमनीच्या हद्दीत असावी, असं सीटी होण्याआधीच सांगता येतं.

आता याच खाटेवर दुसरी रुग्ण धरा. डिसेंबरच्या थंडीत दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेली तरुणी, बेशुद्ध सापडलेली, आता शुद्धीवर आहे. लुगड्याचा लाल रंग ती सांगते, जमिनीवरून घरंगळत आलेला चेंडू धरते. काड्यांचा चौकोन मांडता येत नाही, दोन कंगवे सारखे आहेत हे कळत नाही, कागदांच्या वीस जोड्यांत अकरा बरोबर. हातात दिलेला कंगवा मात्र लगेच केसांकडे जातो. हा अपर्सेप्टिव्ह प्रकार. कार्बन मोनॉक्साईड किंवा ऑक्सिजनचा तुटवडा मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा करतो. गळफासातून वाचलेल्या किंवा हृदय थांबून पुन्हा चालू झालेल्या रुग्णांतही हे शोधावं.

नाव सांगत नाही, पण वापर बरोबर करून दाखवतो. मग?

तो ऑप्टिक अफेझिया असू शकतो. वस्तू पाहून कळते, नजरेकडून नावापर्यंतची वाट तुटलेली असते. कुलूप दिसताच हात किल्ली फिरवल्यासारखा फिरतो, कुलूप-किल्लीची जोडीही बरीचशी लागते, नाव येत नाही. असोसिएटिव्ह अ‍ॅग्नोसिया आणि ऑप्टिक अफेझिया यांची सीमा पुसट आहे. बरे होताना काही रुग्ण एकातून दुसऱ्यात जातात.

नक्कल छान आली, म्हणजे दिसण्यात काहीच दोष नाही असं धरायचं का?

नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. हम्फ्रीज आणि रिडॉक यांनी १९८७ मध्ये एका रुग्णाचं सविस्तर वर्णन केलं. त्याने लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचं चित्र उत्तम उतरवलं, पण रेषेला रेष जोडत त्याला कित्येक तास लागले. तुकडे दिसत होते, ते एकत्र बांधले जात नव्हते. याला इंटिग्रेटिव्ह अ‍ॅग्नोसिया म्हणतात आणि तो दोन प्रकारांच्या मध्ये बसतो.

म्हणून निकाल पाहताना हात कसा चालला तेही पाहावं. निरोगी माणूस आधी घराची चौकट काढतो, मग दार. हा रुग्ण एका कोपऱ्यातून सुरू करतो, एकेक रेघ पुढे नेतो, दर रेघेला नमुन्याकडे पाहतो आणि मधेच जागा हरवतो. घड्याळ लावून वेळ लिहावा. मग एकमेकांवर पडलेल्या वस्तू दाखवाव्यात: कंगवा, त्यावर किल्ली, त्यावर आडवा चष्मा. सुटी वस्तू कधीमधी ओळखणारा रुग्ण ढिगात पार हरवला, तर आकार बांधण्यातच दोष आहे.

घरचे म्हणतात की हे सोंग आहे, किंवा बाहेरचं काही लागलं आहे.

टॉवेलखालची तपासणी त्यांच्यासमोर करावी. डोळ्यांनी न ओळखलेला गडवा हाताने एका क्षणात ओळखलेला पाहिला की बहुतेक घरांत हा वाद मिटतो.

हे अचानक झालं तर ही तपासणी करत बसायचं का?

नाही. काही तासांत सुरू झालेली तक्रार म्हणजे लकवा समजून १०८ बोलवावी. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या गावांतून सीटीपर्यंतचा रस्ताच त्यातला बराचसा वेळ खातो. रुग्ण शेवटचा ठीक कधी होता, ती वेळ कागदावर लिहून द्यावी. नक्कल आणि जुळवणी रुग्ण स्थिर झाल्यावर, वॉर्डात. शेगडीचा धूर लागला असेल तर आधी मोकळी हवा आणि ऑक्सिजन. उलट सहा महिने, वर्षभर हळूहळू वाढत आलेली तक्रार असेल तर मेंदूचा मागचा भाग झिजवणाऱ्या आजाराचा, पोस्टेरिअर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफीचा, विचार करून पाठवावं.

प्रकार कळला, तर घरी काय बदलतं?

बरंच बदलतं. असोसिएटिव्ह रुग्णाला हात लावून आणि आवाजाने ओळखायला शिकवायचं, प्रत्येक वस्तूची जागा ठरवायची आणि ती कुणी हलवायची नाही. अपर्सेप्टिव्ह रुग्णाला रंग कळतो, म्हणून गडव्याला लाल फीत, औषधाच्या डबीला पिवळी, असा रंगाचा आधार द्यायचा. कडेवरून बोट फिरवायची सवयही लावायची. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा होऊ शकते, म्हणून त्याच वस्तूंनी दर महिन्याला तपासणी करून आकडे मागच्या आकड्यांशेजारी लिहावेत.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट त्याच दिवशी करायची. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या घरातून काढून कुलूपबंद खोलीत ठेवायच्या आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. या रुग्णाला तेलाची बाटली आणि कीटकनाशकाची बाटली पाहून वेगळी ओळखता येत नाही, आणि असोसिएटिव्ह रुग्णाला अनेकदा बाटलीवरचं लेबलही वाचता येत नाही. ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि कडबा कापायचं यंत्र डॉक्टरने पुन्हा पाहीपर्यंत बंद.